टेरेस पाच घरांचा, मतं चाळीस घरांची

*आमची फोंड्यात दोन विंगची, चाळीस फ्लॅटची सोसायटी आहे. चतुर्थी झाली की ऑक्टोबरात कमिटीची निवडणूक. जागा सात. मी पहिल्यांदाच उभी राहतेय. सभासदांना पाठवायला मेसेज लिहिलाय, तो जोडते. त्यात सहा आश्वासनं आहेत: पारदर्शक कारभार, चोवीस तास पाणी, सीसीटीव्ही, मेंटेनन्स वाढणार नाही, अ विंगच्या टेरेसची गळती बंद आणि लिफ्टची दुरुस्ती. मिस्टर म्हणतात, एवढं कोण वाचतं, दोनच ठेव. कुठली दोन ठेवू? आताच्या सेक्रेटरींच्या कारभाराबद्दल लिहावं का? गेल्या वर्षाचा हिशेब आणि टेरेसचं कोटेशनही सोबत पाठवते.*
*— ब विंगमधली एक सभासद*

टेरेस आणि पारदर्शक कारभार, म्हणजे हिशेब, ही दोन ठेवा. पण जशी लिहिली आहेत तशी नकोत. आणि त्याआधी ‘मेंटेनन्स वाढणार नाही’ ही ओळ आजच खोडून टाका, कारण तुम्हीच पाठवलेला हिशेब ती खोटी पाडतो.

महिना दीड हजार रुपये दराने चाळीस फ्लॅटचे साठ हजार व्हायला हवेत. वॉचमन, झाडलोट, जिन्यातले दिवे आणि पंपाचं वीजबिल, लिफ्टचं वार्षिक करारातलं महिन्याचं देणं आणि किरकोळ दुरुस्ती मिळून खर्च पंचावन्न हजार. कागदावर पाच हजार शिल्लक दिसतात. मात्र सहा फ्लॅट थकबाकीत आहेत, म्हणजे हातात येतात एक्कावन्न हजार. दर महिन्याला चार हजारांची तूट पडते आणि ती कुठून भरली जाते हे हिशेबात लिहिलेलंच नाही. बहुधा ठेवीच्या व्याजातून जात असावेत. अशा सोसायटीत मेंटेनन्स न वाढवण्याचं वचन देणारा उमेदवार एक तर हिशेब न वाचलेला असतो, नाही तर वाचून गप्प बसलेला. तुम्ही दोन्ही नाही, म्हणून हिशेब पाठवलात.

पाणी, सीसीटीव्ही आणि लिफ्ट यांवर फार वेळ घालवत नाही. चोवीस तास पाणी देणं सोसायटीच्या हातात नाही. नळाला किती वेळ पाणी येतं हे सरकारी खातं ठरवतं, तुमच्या हातात फक्त टाकी धुणं आणि पंप वेळेवर चालू करणं. कॅमेरे मागितलेत कोणी, हे तुमच्या मेसेजवरून कळत नाही. आणि लिफ्टचा करार चालू आहे, तेव्हा बिघाड झाला तर तक्रार करायची, त्याला निवडणूक कशाला?

आता टेरेस. इथे तुमच्या मेसेजमधली सगळ्यात मोठी अडचण आहे आणि ती लिखाणाची नाही, मोजणीची आहे. गळती अ विंगच्या वरच्या मजल्यावर, म्हणजे पाच फ्लॅटना. पैसे मात्र चाळीस घरांनी द्यायचे. खालच्या मजल्यावरचे सभासद सभेत नेमकं काय म्हणणार हे कुठल्याही सोसायटीत बसलेल्या माणसाला पाठ आहे: “आमच्या घरात पाणी येत नाही, आम्ही कशाला भरायचे?” तुमचा आत्ताचा मेसेज वाचून पाच घरं खूश होतील आणि पस्तीस घरं पाकीट चाचपतील. तुम्हाला मतं हवीत ती त्या पस्तिसांकडूनही. एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. तुम्ही स्वतः ब विंगमध्ये राहता, अ विंगच्या टेरेसवर तुमचा काडीचा स्वार्थ नाही. हे सरळ एका वाक्यात लिहा.

लिहिण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या. पहिली कागदावरची. गोव्यात बऱ्याच इमारतींत सोसायटी ही नुसती मेंटेनन्स सोसायटी असते. फ्लॅट ज्याच्या त्याच्या विक्रीखताने ज्याच्या त्याच्या मालकीचा आणि सोसायटीकडे फक्त सामाईक भागाची देखभाल. अशा ठिकाणी एखाद्या बिल्डरने टेरेसचा वापर वरच्या मजल्यावरच्या एखाद्याला लिहून दिलेला निघतो. तसं असेल तर खर्च कोणी करायचा हा प्रश्नच बदलतो. तुमचं विक्रीखत आणि अ विंगमधल्या कोणाचं तरी विक्रीखत काढून टेरेसबद्दलचा मजकूर वाचा. टेरेस सामाईक असेल तर पस्तीस घरांना द्यायचं उत्तर तयार आहे: स्लॅबमध्ये मुरलेलं पाणी आतली सळई गंजवतं, गंजलेली सळई फुगते आणि काँक्रीटचे पोपडे पाडते. ती सळई सगळ्या इमारतीची आहे. मेसेजमध्ये एवढं सगळं लिहू नका, पण कोणी विचारलं तर तोंडावर असू द्या.

दुसरी गोष्ट गळतीचीच. ते कोटेशन वाचून मला एक शंका आली. साडेतीन हजार चौरस फूट टेरेस, दर एकशेवीस रुपये, एकूण चार लाख वीस हजार. पाणी कुठून येतं याचा त्यात एक शब्द नाही. कंत्राटदार वर गेला, फुटपट्टी लावली आणि सगळ्या टेरेसचा भाव देऊन मोकळा झाला. गळतीची कारणं वेगवेगळी असतात आणि ओल कधी दिसते त्यावरून बरंचसं कळतं. एप्रिल-मेमध्ये, पाऊस नसताना डाग ओलाच राहत असेल तर दोष टेरेसचा नसून वरच्या पाण्याच्या टाकीचा किंवा पाइपचा आहे. वारा-पाऊस पश्चिमेकडून झोडपतो तेव्हाच भिंत ओली होत असेल आणि छत कोरडं असेल, तर बाहेरच्या गिलाव्याला भेगा आहेत. पाऊस थांबून दोन-तीन दिवस झाले तरी छतातून थेंब पडत असेल, तर टेरेसवर पाणी साठतंय. मग कठड्याची भिंत स्लॅबला मिळते तो कोपरा आणि पावसाच्या पाइपचं तोंड आधी बघायचं, कारण मधल्या भागापेक्षा तिथेच सांधे उघडतात.

खात्री करायची रीत सोपी आहे. पाऊस पूर्ण सरला की पाइपची तोंडं बंद करायची, टेरेसवर दोन-एक इंच पाणी साठवायचं आणि ते अठ्ठेचाळीस तास ठेवायचं. आधी खालच्या पाचही घरांत छताचे फोटो काढायचे, नंतर पुन्हा काढायचे. टेरेसचे भाग पाडून एकेका भागात पाणी साठवलं तर दोष कुठे आहे हेही समजतं. स्लॅबची अवस्था खूपच वाईट असेल, पोपडे पडत असतील, तर एवढं पाणी साठवण्याआधी इंजिनीअरला विचारा, पाण्याचं वजन कमी नसतं. ही चाचणी झाल्याशिवाय “गळती बंद करीन” असं लिहिणं म्हणजे डॉक्टरने नाडी न बघता बरं करण्याची तारीख देण्यासारखं. चाचणीनंतर कदाचित असंही निघेल की काम चार लाखांचं नाहीच, दोन कोपरे आणि एक टाकीचा सांधा एवढंच आहे.

तेव्हा वचन गळती बंद करण्याचं नको, ते तारखांचं हवं. आपल्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस धरतो. त्यामुळे काम मेच्या मध्यापर्यंत संपलं पाहिजे. तिथून उलटं मोजत या. कोबा घातला तर पाणी मारून पिकवायला आठ-दहा दिवस तरी लागतात, वरून लेप लावायचा तर पृष्ठभाग पुरता कोरडा हवा. म्हणजे काम मार्चअखेर सुरू व्हायला हवं. मार्चला सुरू करायचं तर खर्चाला सभेची मंजुरी फेब्रुवारीपर्यंत. मंजुरीआधी तीन कोटेशनं, तीही एकाच मोजमापाच्या यादीवर घेतलेली, नाही तर एक कोबा सांगतो, दुसरा लेप, तिसरा पत्र्याचं छप्पर आणि तुलना होतच नाही. त्यासाठी जानेवारी. आणि चाचणी डिसेंबरमध्ये. पत्र्याच्या छपराचं नाव सध्या काढू नका. कोणी ना कोणी सुचवेलच, पण तो परवानग्यांचा वेगळा विषय आहे आणि त्यात पुढचा पावसाळा निघून जाईल.

पैशाचं काय? लोक मेसेज वाचताना हाच आकडा शोधतात आणि न सापडला की मनातल्या मनात मोठा आकडा धरतात. तुमच्या हिशेबात दुरुस्ती निधीची सहा लाखांची ठेव दिसते. कोटेशनमधला आकडाच वरची मर्यादा धरा. निम्मे, म्हणजे दोन लाख दहा हजार, ठेवीतून आणि निम्मे सभासदांकडून. चाळीस घरांत वाटले तर प्रत्येकी पाच हजार दोनशे पन्नास, तीन हप्त्यांत दिले तर हप्ता सतराशे पन्नासचा. सगळा खर्च ठेवीतूनच करायचा असं कोणी म्हणेल, ते ऐकू नका. उद्या पंप जळाला तर पैसे लागतीलच. कंत्राटदाराच्या बिलातले दहा टक्के पावसाळा उलटेपर्यंत हातात ठेवायची अट घालायलाही विसरू नका. चार लाख वीस हजारांचे बेचाळीस हजार होतात. तेवढ्यासाठी तो जुलैमध्ये फोन उचलतो.

हा सगळा आराखडा तुमचा आहे, पण मंजुरी तुमची नाही. मेसेजची भाषा इथे जपून वापरा. सात जणांच्या कमिटीत तुमचं मत एक. ठराव पास व्हायला चार लागतात. आणि एवढा खर्च बहुतेक उपविधींप्रमाणे कमिटीलाही परस्पर करता येत नाही, सर्वसाधारण सभेकडे जावं लागतं. कमिटीला किती रुपयांपर्यंत मुभा आहे हे तुमच्या उपविधींत लिहिलेलं असतं. तेव्हा “मी करीन” आणि “मी सभेपुढे ठेवीन” यातला फरक मेसेजमध्ये स्पष्ट दिसू द्या. चाचणी करवून घेणं, कोटेशनं मागवणं, ती सगळ्यांना दाखवणं हे एक सभासदही रेटून करून घेऊ शकतो, तिथे “करीन” चालेल. खर्चाला मात्र “सभेपुढे ठेवीन”. यामुळे वचन लहान वाटतं असं समजू नका. पुढच्या मेमध्ये कोणी जाब विचारला तर दाखवायला तुमच्याकडे तारखा आहेत, आणि मतदाराला तेच हवं असतं.

दुसरं वचन, हिशेब, हे त्या पस्तीस घरांसाठी आहे. ‘पारदर्शक कारभार’ हे शब्द काढा, प्रत्येक उमेदवार तेच लिहितो. त्याऐवजी लिहा की दर महिन्याच्या दहा तारखेला एक पान नोटीस बोर्डावर लागेल. त्या पानावर पाच ओळी: महिन्याच्या सुरुवातीची बँकेतली शिल्लक, जमा, बाबवार खर्च, एकूण थकबाकी, महिनाअखेरची शिल्लक. थकबाकीत फ्लॅटची संख्या आणि रक्कम द्या, नावं नकोत. सहा घरांतली दोन कदाचित तारवटींची असतील, माणूस बोटीवर आणि घर बंद. त्यांची नावं बोर्डावर लागली तर वसुली होत नाही, भांडण तेवढं होतं.

इथेही एक खाच आहे. सभासद निवडतात ती कमिटी. खजिनदार कोण हे बहुतेक ठिकाणी निवडून आलेले सातजण आपसात ठरवतात. हिशेबाच्या वह्या तुमच्या हाती येतीलच असं नाही. म्हणून वचन असं द्या की पहिल्याच बैठकीत हा ठराव मी मांडीन, आणि तो पास झाला नाही तर तेही सभासदांना कळवीन. शिवाय मेसेज पाठवण्याआधी बाकीच्या उमेदवारांपैकी तिघांशी बोला. तुमच्यासकट चौघं निवडून आलात की ठराव पास. ते तयार असतील तर त्यांना त्यांच्या मेसेजमध्येही ती ओळ घालायला सांगा. पॅनल बनवायची गरज नाही, एका ओळीपुरतं एकमत पुरे.

सेक्रेटरींबद्दल काहीही लिहू नका. तुमच्या मसुद्याचा पहिला निम्मा भाग त्यांच्यावरच आहे. तुमचा राग समजतो, चार हजारांची तूट लपली तर येणारच. पण त्याचा व्यवहार बघा. मिनिट्सच्या वह्या, भागधारकांची नोंदवही, बिल्डरने दिलेले नकाशे आणि प्लंबिंगची माहिती सगळं त्यांच्याकडे आहे. टेरेसखालून पाइप कुठून गेलेत हे डिसेंबरमध्ये तुम्ही त्यांनाच विचारणार आहात. त्यातून त्यांना मत देणारी घरंही त्याच चाळिसांत आहेत. तूट दाखवायची असेल तर आकडा लिहा, माणूस नको.

मी तुमच्या जागी असते तर मेसेज असा पाठवला असता. एका स्क्रीनमध्ये मावेल एवढाच:

> नमस्कार. मी ब विंगमधली, फ्लॅट 204. येत्या निवडणुकीत कमिटीसाठी उभी आहे. तुमचं एक मत मागतेय, त्यासाठी दोनच गोष्टींची हमी देते.
>
> एक. अ विंगच्या टेरेसची गळती. मी ब विंगला राहते, तरी हे काम आधी घेतेय, कारण स्लॅब सगळ्या इमारतीची आहे. डिसेंबरमध्ये पाणी साठवून चाचणी करून घेईन. जानेवारीअखेर एकाच मोजमापावर तीन कोटेशनं बोर्डावर लावीन. फेब्रुवारीत खर्च सभेपुढे ठेवीन, तुम्ही मंजूर केलात तर काम 15 मेच्या आत पुरं व्हावं यासाठी मागे लागेन. आज हातात असलेल्या कोटेशनप्रमाणे खर्च जास्तीत जास्त 4 लाख 20 हजार. माझा प्रस्ताव: निम्मे दुरुस्ती निधीतून, निम्मे आपल्याकडून, म्हणजे घरटी 5,250 रुपये, तीन हप्त्यांत. चाचणीत काम कमी निघालं तर रक्कमही कमी होईल.
>
> दोन. दर महिन्याच्या 10 तारखेला जमा, खर्च, थकबाकी आणि बँकेतली शिल्लक एका पानावर नोटीस बोर्डावर. पहिल्याच बैठकीत हा ठराव मांडीन. पास झाला नाही तर तेही तुम्हाला सांगेन.
>
> मेंटेनन्स वाढणार नाही असं वचन मी देत नाही. सध्या महिन्याला सुमारे 4,000 रुपये कमी पडतात, आधी ते सगळ्यांना दिसू देत.
>
> काही विचारायचं असेल तर रविवारी संध्याकाळी 5 ते 6 मी खाली पार्किंगमध्ये असेन.

शेवटून दुसरा परिच्छेद ठेवायला तुमचे मिस्टर कदाचित नको म्हणतील. ठेवा. दोन वचनं दिल्यावर एक गोष्ट ‘देत नाही’ असं सांगितलं की आधीची दोन खरी वाटतात. आणि पाच हजार दोनशे पन्नास हा आकडा मेसेजमधून काढायचा मोह होईल, तो आवरा. फेब्रुवारीच्या सभेत तो पहिल्यांदा ऐकला तर लोक चिडतील, ऑक्टोबरमध्ये वाचून मत दिलं असेल तर निदान चर्चेला बसतील.

मराठीतला मेसेज सगळ्यांनाच पुरणार नाही. तुमच्या सोसायटीत कोंकणी बोलणारी कुटुंबं असणारच. त्यातल्या ख्रिस्ती शेजाऱ्यांना रोमी लिपीतली कोंकणी किंवा इंग्रजी सोयीची पडते. फोनने करून दिलेलं भाषांतर पाठवू नका, आकडे आणि ‘सभेपुढे ठेवीन’ यातला नेमका अर्थ त्यात हरवतो. त्यांच्यातल्याच कोणाला तरी वाचायला देऊन दुरुस्त करून घ्या. तो माणूस तेवढ्यात तुमचा मेसेज नीट वाचतोही.

पाठवायची वेळ चतुर्थीनंतरची. त्या दिवसांत निम्मी सोसायटी गावच्या घरी माटोळीच्या तयारीत असते, मेसेज मोदकांच्या फोटोंखाली गाडला जाईल. उमेदवारांची अंतिम यादी लागली की एकदाच पाठवा. सोसायटीच्या अधिकृत ग्रुपवर प्रचार चालतो का हे निवडणूक अधिकाऱ्यांना विचारा. शंका असेल तर प्रत्येकाला वेगळा पाठवा, ते जास्त कामाचंही आहे. मतदार म्हणजे ज्याचं नाव नोंदवहीत आहे तो. भाडेकरूला पाठवून मत मिळत नाही आणि ज्याने फ्लॅट विकत घेतला पण सोसायटीत नावावर करून घेतलेला नाही, त्याचंही नाही. म्हणून मतदारयादी आधी मिळवा, चाळीस ओळी आहेत, एका संध्याकाळी वाचून होतील. बाहेरगावी असलेल्यांच्या मताचं काय होतं हे उपविधींत बघा, घरच्यांना त्यांच्या वतीने मत देता येईल असं गृहीत धरू नका. बोटीवरचा सभासद ऑक्टोबरमध्ये घरी येणार आहे का, हे त्याच्या बायकोला विचारणं अधिक उपयोगाचं.

गोव्यात हा सगळा कारभार 2001च्या गोवा सहकारी संस्था कायद्याखाली आणि तुमच्या नोंदलेल्या उपविधींप्रमाणे चालतो. उपविधींची प्रत सोसायटीत मिळाली नाही तर सहकार निबंधकांच्या कार्यालयात मागता येते. थकबाकीदाराचा अर्ज छाननीत बाद होऊ शकतो, तेव्हा तुमच्या स्वतःच्या मेंटेनन्सच्या शेवटच्या महिन्यापर्यंतच्या पावत्या अर्जाच्या आधी एका फाइलमध्ये लावून ठेवा, आणि एखादी पावती सेक्रेटरींनी द्यायची राहिली असेल तर ती आत्ताच, मेसेज जाण्याच्या आधी, हसतमुखाने मागून घ्या.